शब्दांचा आठवडी हिशेब

पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते ती गुरुवारी. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून पडलेली ही पद्धत आता अंगवळणी पडली आहे. कारखान्यात नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्याला तिचा एक मोठा फायदा होतो. पुण्याचे अभिलेखागार, म्हणजे आपण ज्याला पेशवे दफ्तर म्हणतो ते, सरकारी असल्यामुळे शनिवार-रविवार बंद असते. रविवारी सुट्टी असलेल्या माणसाला तिथे जायचे तर रजा टाकावी लागते. चिंचवडच्या माणसाचा गुरुवार मोकळा असतो आणि त्या दिवशी दफ्तरही उघडे असते. म्हणून प्रबंधाचा आठवडी अहवाल या पट्ट्यात बुधवारी रात्री लिहावा असे माझे मत आहे. आठवडा तिथे संपतो आणि दुसऱ्या दिवशी दफ्तरात नेमके काय मागवायचे हे त्या अहवालातूनच ठरते.

हा अहवाल कोणत्याही नियमाने मागितलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीप्रमाणे संशोधकाला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात. सत्राचे सहा महिने पूर्णवेळ विद्यार्थ्याला पुरतात. तीन पाळ्यांत काम करणाऱ्याच्या हातून मात्र तेवढ्या काळात प्रबंध निसटून गेलेला असतो आणि ते समितीपुढे उभे राहीपर्यंत त्याच्या लक्षातही येत नाही. आठवडी अहवाल लिहायचा तो यासाठी, स्वतःसाठी. त्यात शब्दसंख्या असावी की नसावी, यावर माझे अनेक प्राध्यापक-मित्रांशी मतभेद आहेत. विचार मोजता येत नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण प्रबंध कधी पुरा होईल हा प्रश्न विचाराचा नाही, वेळेचा आहे, आणि त्याला आकड्याशिवाय उत्तर नाही. आकडा कोणता घ्यायचा, एवढेच पाहायचे.

एक उदाहरण मांडून पाहू. विषय चिंचवडच्या देवस्थानाच्या इनाम गावांचा. या देवस्थानावर लॉरेन्स प्रेस्टन यांचा इंग्रजी ग्रंथ १९८९मध्ये केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केला, त्यामुळे नव्या संशोधकाला मूळ कागदांत त्याहून खोल जाणे भागच आहे. मार्गदर्शकांशी बोलून आराखडा ७०,००० शब्दांचा ठरला आणि आजवर २४,८५० लिहून झाले, असे धरू. संशोधक कारखान्यात आहे. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते.

पहिली गोष्ट मोजणीची. संगणक फक्त एकूण शब्द सांगतो. या आठवड्यात नवे किती लिहिले आणि जुने किती काढले, हे तो सांगत नाही. त्यावर साधा उपाय असा, की काहीही पुसायचे नाही. जो परिच्छेद नको, तो उचलून ‘काढलेले’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये टाकायचा. मग दर बुधवारी दोनच आकडे टिपायचे : मुख्य मसुद्याचे शब्द आणि ‘काढलेले’ फाइलचे शब्द. मसुद्यात पडलेली भर ही निव्वळ वाढ. तीत ‘काढलेले’मध्ये पडलेली भर मिळवली की नवे लेखन निघते.

पहिला आठवडा पहिल्या पाळीचा. मसुदा २४,८५० वरून २६,१०० वर गेला आणि ‘काढलेले’ ८,२०० वरून ८,८००. म्हणजे निव्वळ वाढ १,२५०, नवे लेखन १,८५०. दुसरा आठवडा दुसऱ्या पाळीचा; सकाळ मोकळी, डोके ताजे. मसुदा २८,७००, काढलेले ९,१००. निव्वळ २,६००, नवे २,९००. तिसरा आठवडा रात्रपाळीचा. नवे लिहिण्याचे त्राण नसते, पण जुने वाचून खोडता येते. मसुदा २८,००० वर उतरला, काढलेले १०,२०० झाले. नवे लेखन अवघे ४०० आणि निव्वळ वाढ उणे ७००.

रात्रपाळीचा हा उणे आकडा पाहून माणूस खचतो, कारण तो त्याची तुलना आदल्या आठवड्याशी करतो. ती तुलनाच चुकीची आहे. दोन आठवड्यांच्या पाळ्या वेगळ्या, म्हणून हाताशी असलेले तासही वेगळे. रात्रपाळीचा आठवडा मागच्या रात्रपाळीच्या आठवड्याशी ताडावा आणि एकूण वेग तीन आठवड्यांच्या पूर्ण फेरीवरून काढावा. उत्पादन विभागातल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. तिथे पाळीवार आकडेच ठेवतात. आपल्या उदाहरणात फेरीची निव्वळ वाढ ३,१५०, म्हणजे आठवड्याला १,०५०. उरले ४२,००० शब्द. याच वेगाने गेले तर ४० आठवडे.

आता हाच हिशेब नव्या लेखनावरून केला तर? फेरीत ५,१५० नवे शब्द लिहिले, आठवड्याला सरासरी सुमारे १,७००. मग उरलेले काम पंचवीस आठवड्यांत संपेल असे दिसते. दोन अंदाजांत साडेतीन महिन्यांचे अंतर पडते. समितीपुढे ‘मसुदा सहा महिन्यांत देतो’ असे मनापासून सांगणारे आणि पुढे दिलेला शब्द न पाळू शकणारे बरेच जण याच ठिकाणी फसतात. ते खोटे बोलत नसतात. आपण रोज किती लिहितो हे त्यांना ठाऊक असते, त्यातले किती टिकते हे त्यांनी मोजलेले नसते.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यातली नोकरी सांभाळून लिहीत असे. आठवड्याला सरासरी चाळीस पाने, कधी वीसच, कधी एकशे बारा, आणि एका पानात २५० शब्द, असा त्याचा काटेकोर हिशेब त्याने आत्मचरित्रात सांगितला आहे. नोकरी करून लिहिणाऱ्यांना त्याचे नाव हमखास सांगितले जाते. पण त्याची मोजणी प्रबंधाला जशीच्या तशी लागू पडत नाही. कादंबरीकाराचा मालमसाला त्याच्या डोक्यात असतो. इतिहासाच्या संशोधकाचा माल रुमालात बांधलेला असतो. रुमाल सोडावा लागतो, मोडी लागावी लागते, आणि कधी अख्खा गुरुवार एका कागदावर जातो. शिक्क्याजवळचा मजकूर फिका, तारीख मुसलमानी कालगणनेतली, गावाचे नाव तीन प्रकारांनी वाचता येईल असे. संध्याकाळी हाती काय, तर तो कागद आपल्या कामाचा नाही, एवढे ज्ञान. त्या दिवसाची शब्दसंख्या शून्य, पण दिवस वाया गेलेला नाही.

म्हणून शब्दांच्या शेजारी कागदांची ओळ हवी : किती कागद पाहिले, किती उतरवून घेतले, आणि किती प्रकरणात वापरले. यातला शेवटचा आकडा सर्वांत बोलका असतो. उतरवलेले कागद महिनोन्‌महिने वाढत आहेत आणि वापरलेले वाढत नाहीत, तर संशोधक लिहिण्याचे टाळून दफ्तरात बसतो आहे. उलट शब्द वाढताहेत आणि वापरलेले कागद जिथल्या तिथे, तर तो कागदावाचून लिहितो आहे. दुसरा दोष जास्त घातक, कारण तो प्रगतीसारखा दिसतो.

तो ओळखण्याचा मार्ग म्हणजे वाढ प्रकरणवार मांडणे. दुसऱ्या आठवड्यातले २,६०० शब्द कुठे गेले ते पाहू. समजा, त्यातले २,००० प्रस्तावनेत गेले आणि इनामांच्या वसुलीवरच्या तिसऱ्या प्रकरणात ६००. प्रस्तावना लिहायला दफ्तरात जावे लागत नाही. पूर्वसंशोधनाचा आढावा घरी बसून कितीही लांबवता येतो. मोकळ्या सकाळी हात आपोआप तिकडे वळतो. एकूण आकडा पाहणाऱ्याला तो आठवडा सर्वांत चांगला वाटेल, पण माझ्या लेखी पहिलाच आठवडा सरस, जर त्याचे १,२५० शब्द तिसऱ्या प्रकरणात पडले असतील.

काय मोजायचे हे एकदाच, पहिल्या बुधवारी ठरवावे. तळटीपा धरायच्या की नाही? शब्दमोजणीच्या चौकटीत त्याची वेगळी खूण असते, आणि एका आठवड्याला ती लावून पुढच्याला काढली तर हजारभर शब्दांचा फरक सहज पडतो. मोडीतून उतरवलेला मजकूर मसुद्यात चिकटवला की शब्द एकदम फुगतात, म्हणून तो परिशिष्टाच्या फाइलमध्ये ठेवावा आणि मोजू नये. इंग्रजी पुस्तकांतले शब्दांचे ठोकताळेही मराठीला लावू नयेत. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, त्यामुळे तोच आशय मराठीत कमी शब्दांत बसतो. आपला वेग आपल्याच मागच्या फेरीशी ताडावा.

एवढे ठरले की अहवाल दहा-पंधरा मिनिटांत होतो. आपल्या उदाहरणातला रात्रपाळीचा अहवाल असा होईल :

आठवडा : रात्रपाळी
मसुदा २८,००० (निव्वळ –७००); काढलेले १०,२०० (+१,१००); नवे ४००
प्रकरणवार : प्रस्तावना –९००, प्रकरण तीन +२००
कागद : पाहिले ११, उतरवले २, वापरले १
अडले कुठे : एका गावाचा वसूल दोन कागदांत वेगळा येतो
उद्या : त्या गावाचा त्याच सालचा ताळेबंद मागवणे

शेवटच्या दोन ओळी मला सर्वांत मोलाच्या वाटतात. ‘प्रकरण तीनवर काम करणे’ असे तिथे लिहिले तर ती ओळ फुकट गेली, कारण दफ्तरातल्या माणसाकडे ‘प्रकरण तीन’ मागता येत नाही. मागायचा कागद, पाहायचे साल, जुळत नसलेला आकडा, असे काही नाव घेण्याजोगे हवे. सलग दोन फेऱ्या ‘अडले कुठे’पुढे तीच ओळ दिसली, तर गाठ संशोधकाच्या हातची नाही असे समजावे आणि मार्गदर्शकांकडे जावे. एरवी त्यांच्याकडे दर आठवड्याला हा कागद पाठवू नये. ज्या आकड्यावर वरिष्ठांची शाबासकी मिळते तो आकडा खाली जाऊ देणे माणसाला जड जाते. मग तो खोडायचे थांबतो, आणि मसुदा सुधारायचा तर खोडणे सोडून चालत नाही. मार्गदर्शकांना फेरीच्या शेवटी, तीन आठवड्यांचे एकत्र द्यावे. दर आठवड्याच्या ओळी वाचायला त्याच अवस्थेतला दुसरा संशोधक बरा.

मसुदा साठ हजारांच्या पुढे गेला की शब्दसंख्या जवळजवळ हलत नाही. ७०० शब्द येतात, ६५० जातात, आणि अहवाल काम थांबल्याचे सांगू लागतो. तेव्हा मोजण्याची वस्तू बदलावी. मसुद्यात जिथे संदर्भ पडताळायचा आहे, नाव पक्के करायचे आहे, बेरीज तपासायची आहे, तिथे एक ठरावीक खूण करून ठेवलेली असते. शोधा म्हटले की संगणक त्या खुणा किती ते सांगतो. तो आकडा दर बुधवारी टिपावा. सुरुवातीला तो वाढेल, कारण नीट वाचू लागले की शंका वाढतात. दोन-तीन फेऱ्यांनी तो उतरू लागला की मसुदा मार्गदर्शकांच्या हाती द्यायची तारीख ठरवता येते. उरलेल्या खुणांतल्या निम्म्याअधिक बहुधा दफ्तरातच सुटणाऱ्या असतात, तेव्हा ती तारीख ठरवताना आठवडे मोजण्यापेक्षा हातात उरलेले गुरुवार मोजावेत.