भट्टीची तारीख

चि. मुक्तास,


तू पाठवलेलं दुकानाचं पान नीट वाचलं. फोटो सुरेख आले आहेत, आकार आणि मापंही स्पष्ट लिहिली आहेत. मात्र प्रत्येक वस्तूखाली एकच ओळ दिसली: ‘ऑर्डरप्रमाणे बनवून ७ ते १० दिवसांत मिळेल.’ ही ओळ आजच काढ. एवढ्या दिवसांत हाताने घडवलेला, ग्लेझ केलेला मग तुझ्याच्यानं काय, कोणाच्यानंच तयार होणार नाही. आणि तो तसा होणार नाही हे तुला चाकावर बसतानाच माहीत असतं.

हा आकडा कुठून आला असेल, याचा मला अंदाज आहे. तू हात चालण्याचा वेळ मोजलास. सहा मग चाकावर काढायला एक सकाळ पुरते, दुसऱ्या दिवशी ट्रिमिंग, मग हँडल, पुढे ग्लेझ. सगळं मिळून चार-पाच दिवसांचं काम दिसतं, म्हणून दुप्पट करून दहा लिहिले. पण आपल्या कामात हात फार थोडा वेळ चालतात. बाकीचा सगळा वेळ वाळण्यात आणि भट्टीची वाट पाहण्यात जातो, आणि गिऱ्हाइकाला द्यायची तारीख तिथूनच काढावी लागते.

सहा कॉफीच्या मगांची एक ऑर्डर घेऊ. माती मळणं, चाकावर काढणं, ट्रिमिंग आणि हँडल लावणं यात चार दिवस धर. हँडल आणि भांडं यांतला ओलावा सारखा व्हावा म्हणून तू ते प्लास्टिकखाली झाकून ठेवतेस, ते त्यातच आले. त्यानंतर कोरड्या हवेत वाळायला सात दिवस. बिस्कला, भट्टी थंड होण्यासकट, दोन दिवस. पुसून ग्लेझ करायला आणि ते वाळायला दोन. ग्लेझची भट्टी आणि ती थंड होणं, दोन. बूड घासणं, पाणी भरून गळती पाहणं आणि पॅकिंग, दोन. बेरीज झाली १९ दिवस. आणि यात एकही दिवस वाट पाहण्यात गेलेला नाही.

पण तुझी भट्टी एकच आहे आणि सहा मगांसाठी ती लावणं परवडत नाही. भरेपर्यंत थांबावं लागतं. तूच सांगितलंस की कधी दोन दिवसांत भरते, कधी दहा लागतात. हे थांबणं दोनदा येतं, एकदा बिस्कच्या आधी आणि एकदा ग्लेझच्या आधी. म्हणजे जिचे मग भट्टी बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वाळून तयार होतात, त्या बाईची ऑर्डर १९ अधिक २० म्हणजे ३९ दिवसांनी निघेल. तुझ्याकडून काहीही चुकलेलं नसेल, तरीही.

आता प्रश्न येतो की १९ आणि ३९ यांतलं लिहायचं काय. बरेच जण मधला आकडा घेतात, एकोणतीस. तसं करू नकोस. मधला आकडा लिहिला की साधारण निम्म्या ऑर्डरी उशिरा निघणार हे लिहितानाच ठरून जातं. तू पलीकडचं टोक धर आणि सहा आठवडे लिही. तिसऱ्या आठवड्यात पार्सल निघालं तर कोणाची तक्रार येत नाही. वास्तुशांतीला मग हवे असलेल्या बाईला मात्र पाचव्या आठवड्यात ‘अजून भट्टी भरली नाही’ असं कळवणं फार जड जातं.

हा आकडा माझ्या शब्दावर घेऊ नकोस, आपल्या वहीतून काढ. ऑर्डर पक्की झाली ती तारीख आणि पार्सल कुरियरकडे दिलं ती तारीख, एवढे दोनच रकाने ठेव. मागच्या वीस ऑर्डरींना लागलेले दिवस लहानापासून मोठ्यापर्यंत लाव आणि अठरावा आकडा पाहा. तोच वर्णनात लिहायचा. शेवटचे दोन अपवाद म्हणून सोडता येतात, कारण त्यात वीज जाऊन फसलेली एखादी भट्टी असू शकते. पण अपवाद दोनाचे पाच होऊ लागले तर आकडाच चुकला आहे असं समज.

पावसाळ्यासाठी वेगळा आकडा लागेल. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात सात दिवसांत मग वाळत नाही, चौदा दिवस सहज जातात. घाई कुठे अंगाशी येते तेही इथेच कळतं. बाहेरून पांढुरका दिसणारा मग हँडलच्या सांध्यात आणि बुडाशी ओला असतो. तसाच बिस्कला घातला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो, आणि त्याचे तुकडे शेजारच्या भांड्यांनाही लागतात. मग एकाची नाही, चौघांची तारीख जाते. म्हणून बूड गालाला लावून पाहत जा. गार लागलं तर आत पाणी आहे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला काटा. एकच मग दोन दिवस लागोपाठ तोल, वजन उतरायचं थांबलं की तो वाळला. तोपर्यंत भट्टीत घालायचा नाही, मग गिऱ्हाइकाचे कितीही निरोप येवोत. तेव्हा जूनच्या सुरुवातीलाच वर्णन बदलून सहाच्या जागी सात आठवडे कर आणि पाऊस पूर्ण ओसरेपर्यंत तसंच ठेव.

भट्टी थंड होण्याच्या वेळातून दिवस वाचवायचा मोहही होतो. १२०० अंशांच्या वर गेलेली भट्टी दोनशेवर असताना उघडलीस तर गार हवेने मगांना तडे जाऊ शकतात. काही तडे तेव्हा दिसतही नाहीत, पुढे गिऱ्हाइकाने गरम चहा ओतल्यावर उघडतात. तारीख पाळण्यासाठी घाईने उघडलेल्या भट्टीतला मग पाठवण्यापेक्षा उशिरा कळवणं केव्हाही चांगलं.

मोडतोड धरूनच चाल. सहांची ऑर्डर असेल तर आठ काढ. एखाद्याच्या हँडलला तडा जातो, एखाद्याचं ग्लेझ ओघळून बुडाशी चिकटतं. जास्तीचे नसतील तर त्या एका मगासाठी पुन्हा मातीपासून सुरुवात, आणि तेवढा काळ बाकीचे पाच तसेच पडून. जास्तीचे दोन चांगले निघाले तर तयार मालात विकले जातील.

आणखी एक गोष्ट मोजायची राहते, ती म्हणजे रांग. वरचा सगळा हिशोब माती हातात घेतल्यापासूनचा आहे. आठवड्याला तू चोवीस मग काढू शकतेस आणि आधीचे अठ्ठेचाळीस बाकी असतील, तर नवीन ऑर्डरीचा पहिला दिवस दोन आठवड्यांनी उजाडेल. दर सोमवारी बाकी मग मोज आणि त्याप्रमाणे वर्णनातला आकडा बदल. मात्र ज्यांनी आधीच्या आकड्यावर पैसे भरले त्यांच्यासाठी तू त्याच आकड्याला बांधील आहेस. वाढवलेली मुदत त्यांना लागू करता येत नाही.

वेळ खरोखर कमी करायचा असेल तर त्याला एक सरळ मार्ग आहे. नेहमीच्या दोन-तीन आकारांचे मग बिस्क करून फळीवर ठेव आणि गिऱ्हाइकाला फक्त ग्लेझचा रंग निवडू दे. मग ग्लेझचे दोन, भट्टी भरण्याचे जास्तीत जास्त दहा, भट्टीचे दोन आणि पॅकिंगचे दोन, असे सोळा दिवस झाले. ‘अडीच आठवडे’ हे तिथे निर्धास्त लिही. पण अशा मगांचं पान वेगळं ठेव. नाव कोरलेले किंवा मागितलेल्या मापाचे मग त्याच पानावर विकलेस तर लोक अडीच आठवडेच धरून बसतील.

शब्दांबद्दलही सांगते. ‘मिळेल’ लिहू नकोस. पार्सल निघणं तुझ्या हातात आहे, पोहोचणं नाही. नागपूरला लागणारे दिवस वेगळे आणि गुवाहाटीला वेगळे. कामाचे दिवस आणि कॅलेंडरचे दिवस यांतही घोळ होतो, तेव्हा आठवड्यांतच लिही, ते सगळ्यांना सारखेच कळतात. दिवस कधीपासून मोजायचे तेही सांग. नावाचं स्पेलिंग आणि रंग कळवायलाच गिऱ्हाईक आठवडा घेतं, आणि त्याच्या लेखी घड्याळ पैसे भरल्यापासून सुरू झालेलं असतं. एट्सीसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट पाहायची. तिथे तू भरलेल्या तयारीच्या वेळेत वाहतुकीचे दिवस मिळवून गिऱ्हाइकाला एक अंदाजी तारीख दिसते. वर्णनात सहा आठवडे आणि तिथल्या रकान्यात दोन असतील, तर गिऱ्हाईक ती तारीखच खरी धरतं.

मी असं लिहीन:

‘हे मग ऑर्डर आल्यावर घडवले जातात. रंग आणि नाव पक्कं झाल्यापासून ६ आठवड्यांच्या आत पार्सल कुरियरकडे जाईल. (जून ते सप्टेंबर ७ आठवडे, कारण माती वाळायला वेळ लागतो.) पोहोचायला लागणारे दिवस त्यापुढचे. ठरावीक दिवशी हवे असतील तर पैसे भरण्याआधी तारीख कळवा. शक्य नसेल तर तसं स्पष्ट सांगू.’

शेवटचं वाक्य पाळण्यासाठी आहे. चार आठवड्यांनी वास्तुशांती आहे म्हणणारीला ‘बघते’ म्हणू नकोस. फळीवरचे बिस्क मग दाखव, नाहीतर नाही म्हण.

लिहिलेली मुदत ही कायद्याच्या दृष्टीनेही नुसती सदिच्छा नसते. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, ऑनलाइन बाजारपेठेवर सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा माल उशिरा पोहोचला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. अपवाद आहे तो आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. भट्टी न भरणं त्यात बसणार नाही. आणि नाव कोरलेला मग परत आला तर तो दुसऱ्या कोणाला विकताही येत नाही.

इतकं करूनही एखादी ऑर्डर अडकेलच. बिस्कनंतर तडा दिसला त्याच दिवशी कळव, मुदत संपायची वाट पाहू नकोस. काय झालं ते एका वाक्यात, नवी तारीख, आणि थांबणार का, तयार मालातलं काही घेणार का, की पैसे परत हवेत, हे तीन पर्याय. नवी तारीखही वरच्याच हिशोबाने काढ. दुसऱ्यांदा तारीख पुढे ढकलायची वेळ येऊ देऊ नये.

आता लगेचचं काम दिवाळीचं. अधिक मास मध्ये आला नाही तर गणेश चतुर्थीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण ५५ दिवस असतात. ३९ अधिक वाळण्याचे जास्तीचे सात, असे ओल्या हवेतले तुझे ४६ दिवस आणि कुरियरचा एक आठवडा मिळून ५३ होतात. रांग रिकामी असेल तरच हे जुळतं, म्हणून ‘दिवाळीसाठीच्या ऑर्डरी गणेश चतुर्थीपर्यंतच’ अशी ओळ श्रावण लागतानाच पानावर घाल, आणि रांग दोन आठवड्यांची झाली की त्या ऑर्डरी चतुर्थीच्या आधीच बंद कर. वहीतले वीस आकडे काढलेस की मला पाठव, अठरावा कुठे येतो ते आपण मिळून पाहू.

तुझी,
मावशी