उत्तर बरोबर आहे, हे कोण ठरवतं?

बीएड किंवा टीईटीचं कुठलंही गाईड उघडा, त्यात एक तक्ता हमखास सापडतो. आदर्शवाद म्हणजे प्लेटो, आणि शिक्षक केंद्रस्थानी. वास्तववाद म्हणजे अॅरिस्टॉटल आणि कोमेनियस, आणि भर निरीक्षणावर. कार्यवाद म्हणजे जॉन ड्यूई आणि किलपॅट्रिक, आणि पद्धत प्रकल्पाची. तक्ता पाठ होतो, परीक्षेत दोन मार्कही मिळतात. पण प्रश्न जरा फिरवून विचारला, की तो दगा देतो. उदाहरणार्थ, बालवाडीत मुलं ठोकळ्यांशी खेळत शिकतात, ती कोणत्या वादाची देणगी? खेळ आणि कृती दिसली की हात आपोआप ‘कार्यवाद’वर जातो. पण बालवाडीचा जनक फ्रोबेल हा आदर्शवादी होता. ठोकळ्यांतून मुलाला विश्वातली एकता जाणवावी, अशी त्याची कल्पना होती.

म्हणजे वर्गात काय चाललंय, यावरून वाद ओळखता येत नाही. ते का चाललंय, यावरून येतो. ओळखायची माझी खूण सोपी आहे. मुलानं दिलेलं उत्तर बरोबर आहे, हे शेवटी कोण ठरवतं, एवढं विचारायचं. एकच धडा घेऊन हे करून बघू.

धडा जुना आहे. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस मेनोच्या घरातल्या एका गुलाम मुलाला बोलावतो. मुलगा गणित शिकलेला नाही. सॉक्रेटिस जमिनीवर २ फूट बाजूचा चौरस काढतो. क्षेत्रफळ ४ चौरस फूट. मग विचारतो, याच्या दुप्पट, म्हणजे ८ चौरस फुटांचा चौरस हवा असेल, तर बाजू किती घ्यायची? मुलगा चटकन म्हणतो, दुप्पट, म्हणजे ४ फूट. आकृती काढल्यावर दिसतं, की क्षेत्रफळ १६ झालं. मग तो म्हणतो ३ फूट. ते येतं ९. आता मुलगा अडतो, आपल्याला येत नाही असं कबूल करतो. सॉक्रेटिस मेनोला म्हणतो, की हे अडणंच त्याच्या फायद्याचं आहे. मग मूळ चौरसाला लागून आणखी तीन चौरस काढून तो प्रत्येकात कर्ण ओढतो. प्रत्येक कर्ण ४चे दोन अर्धे भाग करतो, २ आणि २. मधे चार कर्णांचा एक तिरका चौरस तयार होतो, त्यात असे चार अर्धे भाग येतात, म्हणजे ८. मूळ चौरसाचा कर्ण हीच हवी असलेली बाजू.

हा आदर्शवाद. इथे बरोबर काय ते मुलाची बुद्धीच ठरवते. प्लेटोच्या मते सत्य आत्म्याला आधीच ठाऊक असतं, शिक्षक प्रश्न विचारून त्याची आठवण करून देतो. मराठीतला ‘आदर्शवाद’ हा शब्द इथे थोडा फसवतो. मूळ शब्दाचं नातं ‘आयडिया’शी, म्हणजे मनानं जाणायच्या तत्त्वाशी आहे. ‘आदर्श शिक्षक पुरस्कारा’तला आदर्श तो नव्हे.

आता हाच धडा वास्तववादी शिक्षकाकडे देऊ. कोमेनियसनं १६५८ साली मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं, कारण वस्तू आधी इंद्रियांना भेटावी, शब्द नंतर, असा त्याचा आग्रह होता. हा शिक्षक आलेखाचा कागद देईल. ४ बाय ४ चौकटीत बाजूंचे मध्यबिंदू जोडायला सांगेल आणि घरं मोजून घेईल. तिरक्या चौरसात ४ पूर्ण घरं आणि ८ अर्धी घरं, एकूण ८. इथे निवाडा समोरची वस्तू करते. शिक्षकाचं मत किंवा मुलाची आवड तिथे चालत नाही, हे या वादाचं मोठं बळ. मर्यादा दिसते ती तिरकी बाजू पट्टीनं मोजताना. ती २.८ आणि २.९च्या मधे कुठेतरी येते. पट्टी कितीही बारीक करा, ८चं वर्गमूळ तिच्यावर नेमकं कधीच वाचता येणार नाही. ते कळायला पुन्हा बुद्धीकडेच जावं लागतं.

कार्यवादी शिक्षक आकृतीपासून सुरुवातच करणार नाही. ड्यूईनं १८९६मध्ये शिकागोला प्रयोगशाळा-शाळा काढली, तिथे मुलं स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करता करता शिकत. समजा, आपल्या मुलांकडे मेथीचा २ बाय २ फुटांचा वाफा आहे आणि यंदा दुप्पट मेथी लावायची आहे. ४ बाय ४ आखला, तर बी पुरणार नाही आणि चूक लगेच समजेल. इथे उत्तराचा निकाल परिणाम लावतो. पण गंमत अशी, की एखादी हुशार मुलगी सरळ २ बाय ४चा आयताकृती वाफा आखेल. ८ चौरस फूट झाले, काम झालं. कर्णाचा प्रश्न उद्भवलाच नाही! जे अडत नाही ते शिकायचं राहून जातं, हा कार्यवादावरचा खरा आक्षेप. ड्यूईला हा धोका दिसत होता. प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, असं त्यानं १९३८च्या पुस्तकात त्याचं नाव घेऊन मनमानी शाळा चालवणाऱ्यांना सुनावलं. मुलं कशावर अडतील, हे शिक्षकानं विचारपूर्वक योजावं लागतं.

इथवर गुण-दोषांचं उत्तर पूर्ण होतं. पण ‘मेनो’मधली एक गोष्ट तक्त्यात येत नाही. धडा संपल्यावर त्या मुलाचं काय होतं? काहीच नाही. संवाद पुन्हा सद्गुणांच्या चर्चेकडे वळतो. मुलाचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही. त्याच्या आत सत्य आहे हे सगळ्यांदेखत सिद्ध झालं, आणि तो गुलामच राहिला.

हा प्रश्न कार्यवाद विचारू शकतो, कारण शिकल्यानं जगण्यात काय बदललं, हीच त्याची कसोटी. ड्यूईच्या लेखी लोकशाही ही राज्यपद्धतीच्याही आधी एकमेकांबरोबर जगण्याची रीत होती, आणि शाळा ही ती रीत अंगी बाणायची जागा. कोलंबिया विद्यापीठात ड्यूईचे विद्यार्थी असलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हा विचार जातीच्या प्रश्नाला लावला आणि तिथे आपल्या या गुरूचं ऋणही मान्य केलं.

म्हणून आदर्शवाद मोडीत काढावा का? मला तसं वाटत नाही. गुलामाच्या मुलालाही भूमिती समजेल, हे धरून चालल्याशिवाय सॉक्रेटिसनं त्याला प्रश्न विचारलाच नसता. ‘या वस्तीतल्या पोरांना काय गणित येणार’ असं म्हणणाऱ्या शिक्षकाकडे आलेखाचा कागद आणि मेथीचा वाफा दोन्ही असले, तरी धडा सुरू होणार नाही.

तेव्हा परीक्षेत तुलना लिहाल, तेव्हा नावांची यादी देऊन थांबू नका. एक चुकीचं उत्तर घ्या, ‘बाजू ४ फूट’सारखं, आणि तिन्ही शिक्षक त्याचं काय करतील ते लिहा. पहिला मुलालाच पुन्हा विचार करायला लावेल, दुसरा मोजून बघ म्हणेल, तिसरा वाफा आखू देईल. वर्गात उभं राहिल्यावर तुम्हालाही यांतलं काहीतरी निवडावंच लागेल, आणि तेव्हा समोरच्या मुलाचं नाव तुम्हाला माहीत असेल.