पहिल्या दहा सेकंदांवर हक्क कोणाचा?

हेल्प डेस्कला फोन करणारा माणूस सहसा फोन लावण्याआधीच त्रासलेला असतो. काहीतरी बिघडलेलं असतं, अडलेलं असतं, हरवलेलं असतं, आणि ते आपल्याच्याने सुटत नाही म्हणून तो मदत मागायला आलेला असतो. अशा माणसाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे बहुतेक संस्था लिहून ठेवतात. कॉल सेंटरमध्ये त्याला 'ओपनिंग स्क्रिप्ट' म्हणतात आणि नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी ते पाठ करावं लागतं. हे स्क्रिप्ट जितकं गोड तितका फोन करणारा शांत होईल, अशी समजूत त्यामागे असते. मला ही समजूत चुकीची वाटते. पहिल्या दहा सेकंदांत माणसाला गोडवा नको असतो. आपण योग्य ठिकाणी पोचलो का, पलीकडे खरोखर माणूस आहे का आणि आता आपण बोलायचं का, एवढंच त्याला कळायला हवं असतं. ते जितकं लवकर कळेल तितका त्याचा आवाज खाली येतो.

फोनवरच्या पहिल्या शब्दाचा बारकाईने अभ्यास झालेला आहे. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पोलिसांच्या तक्रार कक्षातल्या सुमारे ५०० फोनची ध्वनिमुद्रणं तपासली आणि १९६८ साली त्यावर निबंध लिहिला. फोन उचलणारा आधी बोलतो, हा नियम त्याला सगळीकडे दिसला, अपवाद फक्त एका फोनचा. त्या फोनमध्ये रिसीव्हर उचलला गेला, क्षणभर कोणीच बोललं नाही आणि मग फोन करणाराच 'हॅलो' म्हणाला. शेग्लॉफने हा अपवाद बाजूला टाकला नाही. त्याच्यावरून त्याने आधीचा नियमच नव्याने मांडला. फोनची घंटी ही हाक असते आणि उचलणाऱ्याचा पहिला शब्द ही त्या हाकेला दिलेली ओ असते. ओ आली नाही म्हणून फोन करणाऱ्याने पुन्हा हाक मारली, इतकंच तिथे घडलं होतं.

हेल्प डेस्कच्या दृष्टीने ही फार उपयोगाची गोष्ट आहे. ध्वनिमुद्रणात ग्राहकाचे पहिले शब्द 'हॅलो? हॅलो?' असे असतील, तर स्वागताचं वाक्य बोललं गेलं असूनही त्याच्यापर्यंत ओ पोचलेली नाही. याची कारणं पुष्कळदा अगदी साधी असतात. बऱ्याच केंद्रांत कॉल आपोआप जोडला जातो. कर्मचाऱ्याच्या हेडसेटमध्ये 'बीप' वाजतो आणि त्याच क्षणी तो बोलायला लागतो. पण आवाजाची वाट पूर्ण उघडायला थोडा वेळ लागू शकतो. शिवाय होल्डचं संगीत ऐकून कंटाळलेल्या माणसाने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवलेला असतो. पहिलं अक्षर, कधी अख्खा पहिला शब्द, तिथे गळून जातो. म्हणून संस्थेचं नाव कधीही पहिला शब्द म्हणून ठेवू नये. आधी 'नमस्कार' यावं. ते अर्धं गळालं तरी काही बिघडत नाही, आणि तोवर ऐकणाऱ्याचा कान तयार होतो.

आता एक उदाहरण घेऊ. एका माणसाचं पाकीट स्वारगेटच्या गर्दीत हरवलं आहे आणि त्यात डेबिट कार्ड होतं. तो शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा फोन मागून बँकेच्या हेल्प डेस्कला फोन लावतो. भाषा निवडून, दोन-तीन आकडे दाबून, थोडं संगीत ऐकून झाल्यावर त्याच्या कानावर हे पडतं: 'नमस्कार, सुप्रभात! आमच्या बँकेच्या चोवीस तास ग्राहक सेवा केंद्रात आपलं मनःपूर्वक स्वागत आहे. आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद. माझं नाव स्नेहल आहे. आज मी आपली कशा प्रकारे मदत करू शकते, हे कृपया सांगाल का?'

हे स्पष्ट आणि सावकाश म्हणायला बारा-तेरा सेकंद लागतात. एवढा वेळ तो माणूस थांबत नाही. 'स्वागत आहे'च्या आसपास तो मध्येच बोलतो, 'अहो, माझं कार्ड हरवलंय.' कर्मचाऱ्याला मात्र वाक्य पूर्ण करावंच लागतं, कारण क्वालिटीवाले ध्वनिमुद्रण ऐकून गुण देतात आणि स्वागतातला एखादा तुकडा राहिला तर गुण कापले जातात. दोघं एकाच वेळी बोलतात, दोघंही गप्प होतात, दोघंही पुन्हा एकदम सुरू करतात. शेवटी तो माणूस आपली हकिकत पहिल्यापासून सांगतो, आधीपेक्षा मोठ्या आवाजात. त्याच्या रागाचं मूळ हरवलेल्या कार्डात असलं तरी त्यातला काही भाग या संहितेने घातलेला असतो.

दुसरी संहिता अशी असू शकते: 'नमस्कार, अमुक बँक, कार्ड विभाग. मी स्नेहल. बोला.' याला चार सेकंद पुरतात. बँकेचं नाव आल्याने आपण योग्य ठिकाणी पोचलो हे त्याला कळतं, आणि विभागाच्या नावाने मघाशी दाबलेले आकडे वाया गेले नाहीत हे समजतं. 'स्नेहल'मुळे पलीकडे माणूस असल्याची खात्री पटते. शेवटच्या शब्दाने त्याची पाळी त्याच्या हाती दिली जाते. यातला कुठलाच तुकडा शोभेसाठी नाही, आणि क्रमही मनाला येईल तसा बदलता येत नाही.

क्रम इतका महत्त्वाचा का, तर ऐकणारा माणूस शेवटच्या तुकड्याला उत्तर देतो. हेल्पलाइनच्या इतिहासात याचं एक मोलाचं उदाहरण आहे. १९६३-६४च्या सुमारास हार्वी सॅक्स हा संशोधक लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रातले फोन ऐकत होता. तिथल्या कर्मचाऱ्यांना फोन करणाऱ्याचं नाव हवं असे, पण थेट विचारलं की लोक बिथरत आणि कारण विचारत. म्हणून कर्मचारी आधी स्वतःचं नाव सांगून मदतीची तयारी दाखवत. कोणी आपलं नाव सांगितलं की माणूस सहसा स्वतःचंही सांगतो, आणि बरेच जण सांगतही असत. एका माणसाने मात्र उत्तर दिलं की मला ऐकू येत नाहीये. कर्मचाऱ्याने नाव पुन्हा सांगितलं. त्या माणसाने तेच नाव खात्रीसाठी उच्चारलं, पण स्वतःचं सांगितलं नाही. नाव सांगायची जागाच त्याने अशा रीतीने टाळली हे सॅक्सच्या ध्यानात आलं आणि तिथूनच त्याच्या संशोधनाला दिशा मिळाली.

कोणत्या केंद्राने स्वागताचा शेवट कसा करावा, हे यावरून ठरवता येतं. शेवटी 'आपलं नाव सांगाल का?' असा प्रश्न असेल तर ग्राहक नाव सांगतो, आणि ओठांवर आलेली अडचण गिळून बसतो. कार्ड हरवलेल्या माणसाकडून आधी तक्रार ऐकावी आणि मग नाव घ्यावं. मानसिक आधार देणाऱ्या हेल्पलाइनवर नाव मुळीच मागू नये आणि 'बोला' म्हटल्यावर बराच वेळ शांत राहण्याची तयारी ठेवावी. छोटं स्वागत सगळीकडे चांगलंच, पण त्यानंतरची शांतता किती धरायची हे प्रत्येक कामाप्रमाणे वेगळं असतं.

भाषेचंही तसंच आहे. महाराष्ट्रात हेल्प डेस्कवरचा पहिला शब्द कोणत्या भाषेत येतो यावर पुढचं सगळं संभाषण ठरतं. ज्याने मराठीचा आकडा दाबला त्याच्या कानावर इंग्रजी स्वागत पडलं, तर तो मोडक्या हिंदीत सुरुवात करतो, शब्द शोधत बसतो आणि नेमकं काय झालं ते अर्धवट सांगतो. पुढे कर्मचाऱ्याला मराठी येते हे कळलं तरी संभाषण हिंदीतच अडकून राहतं, कारण सुरुवातीला धरलेली भाषा मध्येच बदलणं दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. २००४ पासून चालणाऱ्या किसान कॉल सेंटरची रचना शेतकऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर मिळावं अशीच केलेली आहे, आणि त्यामागचा विचार योग्य आहे. पिकावरची कीड परक्या भाषेत वर्णन करायला लागली तर निदानच चुकेल.

दहा सेकंद स्वागतावर संपत नाहीत, आणि माझ्या मते खरी कसोटी पुढेच आहे. चार सेकंदांचं स्वागत झालं, माणूस म्हणाला, 'कार्ड हरवलंय, आत्ताच, स्वारगेटला.' आता कर्मचाऱ्याचं दुसरं वाक्य येतं. ते सहसा कुठल्याही संहितेत नसतं. तिथे 'आपला नोंदणीकृत मोबाईल क्रमांक?' एवढंच आलं तर आपलं ऐकलंच नाही असं त्या माणसाला वाटतं. त्याऐवजी 'कार्ड आधी बंद करू. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर सांगा, म्हणजे खातं लगेच सापडेल,' असं म्हटलं, तर त्याने सांगितलेली गोष्ट परत त्याच्या कानावर पडते, पुढचं पाऊल कळतं आणि प्रश्न कशासाठी तेही समजतं. प्रश्न तोच राहतो, फक्त तो आता मदतीचा भाग होतो.

कारण न सांगता विचारलेला प्रश्न किती महागात पडू शकतो हे डॅलसमध्ये १९८४ साली दिसलं. एका माणसाने सावत्र आईसाठी रुग्णवाहिका मागितली. फोनवरची परिचारिका माहिती विचारत राहिली, त्या माणसाला ती अडवणूक वाटली, दोघांचा वाद झाला आणि मदत पोचायला उशीर झाला. ती बाई वाचली नाही. सगळ्यांनी परिचारिकेला दोष दिला. पुढे त्या ध्वनिमुद्रणाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी दाखवलं, की सुरुवातीपासूनच दोघं दोन वेगळ्या कामांत होते. तो माणूस मदत मागत होता आणि ती मदत पाठवायची की नाही हे ठरवण्यासाठी माहिती घेत होती, पण हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

स्वागताच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. वीस मिनिटं होल्डवर ठेवलेल्या माणसाला चार सेकंदांचं उत्तम स्वागतही शांत करणार नाही. तिथे 'खूप वेळ थांबावं लागलं तुम्हाला, बोला' एवढं तरी म्हणावं, आणि कर्मचारी वाढवावेत. दुसरी अडचण कर्मचाऱ्याच्या बाजूची आहे. एका कॉलला पाच मिनिटं धरली तर सात तासांत ८४ कॉल होतात. बारा सेकंदांचं स्वागत ८४ वेळा म्हणणारा माणूस ते म्हणत नाही, ओढत नेतो. शब्द एकमेकांत मिसळतात, आणि नेमकं संस्थेचं नावच कळत नाही. मग ग्राहक विचारतो, 'ही अमुक बँकच ना?' काही केंद्रं यावर उपाय म्हणून स्वागत कर्मचाऱ्याच्याच आवाजात मुद्रित करून वाजवतात. त्याने घसा वाचतो आणि स्क्रीन वाचायला दोन क्षण मिळतात हे खरं. पण सकाळच्या टवटवीत आवाजानंतर संध्याकाळचा थकलेला आवाज आला की तो सांधा ग्राहकाला ऐकू येतो, आणि आपल्याशी आधी यंत्र बोललं हे कळतं. छोटं स्वागत दर वेळी स्वतः म्हणणं मला त्यापेक्षा बरं वाटतं.

म्हणून केंद्र चालवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. वीस ध्वनिमुद्रणं काढा आणि प्रत्येकाचे फक्त पहिले पंधरा सेकंद ऐका. ग्राहक कितव्या सेकंदाला बोलायला लागला, कर्मचाऱ्याचं वाक्य तोडून बोलला का, 'हॅलो?' किंवा 'ही अमुक बँकच ना?' असं म्हणाला का आणि आपली अडचण त्याला दोनदा सांगावी लागली का, एवढंच टिपा. मग गुणपत्रिकेतली 'स्वागत पूर्ण म्हटलं का' ही ओळ खोडून 'ग्राहकाला पहिल्यांदा सांगितलेलंच पुन्हा सांगावं लागलं का' ही ओळ घाला. कर्मचारी ज्याला गुण मिळतात तेच करतो. आज त्याला स्वतःचं बोलणं पूर्ण करण्याचे गुण मिळतात, ते ऐकून घेण्याचे मिळायला हवेत.