पाक घर आणि टापटीप घर

“या घरात पाकी नाही. इथे माझी नमाज होत नाही.” मागील पावसाळ्यात कळंब येथे एका पतीने आपल्या पत्नीसमोर हे उद्गार काढले. इशाच्या नमाजनंतर ते दोघे माझ्याकडे आले होते. त्यांच्या संमतीने, आणि ओळख पटेल असे तपशील वगळून, ही हकीकत येथे मांडत आहे. पती टापटिपीचा. पत्नी कष्टाळू, पण वस्तू जिथल्या तिथे ठेवण्याची सवय तिला नाही. एवढाच भेद असता तर त्यांना मौलवीची गरज पडली नसती. परंतु पतीने आपली तक्रार दीनच्या भाषेत मांडली होती आणि ‘नापाक’ हा शब्द पत्नीच्या मनात खोल रुतला होता.

मी पतीला म्हटले, “जे जे खटकते ते एकेक करून सांगा.” त्यांनी सात गोष्टी सांगितल्या: उंबऱ्यात येणारा रस्त्याचा चिखल, घरातल्या दोरीवर तीन-तीन दिवस न वाळणारे कपडे आणि त्यांचा कुबट वास, मोरीत रात्रीपर्यंत पडून राहणारी भांडी, पलंगावरचा कपड्यांचा ढीग, कंगव्यात अडकलेले केस, मुसल्ल्यावर येऊन बसणारे मांजर आणि पाच महिन्यांच्या मुलाने भिजवलेली गोधडी.

येथे एक भेद समजून घेतला पाहिजे. ‘सफाई निम्मे ईमान आहे’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू मालिक अशअरी (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये मात्र शब्द आहे ‘तुहूर’, म्हणजे पाकी, वुजू, गुस्ल आणि नजासत दूर करणे यांच्याशी जोडलेला शब्द. घर नीटनेटके ठेवणे म्हणजे ‘नजाफत’. अल्लाहला नजाफत प्रिय आहे आणि म्हणून अंगणे स्वच्छ ठेवावीत, या आशयाची एक रिवायत तिर्मिजीत आहे, पण ती नोंदवताना खुद्द इमाम तिर्मिजी (रह.) यांनीच तिच्या एका रावीच्या दुर्बलतेकडे लक्ष वेधले आहे. याचा अर्थ टापटीप निरर्थक आहे असा मुळीच नाही. मात्र उर्दूतला ‘सफाई’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला गेल्याने जे नीट नाही ते नापाक, अशी समजूत आपल्यात रुजली. वस्तुतः धूळ नापाक तर नाहीच. पाणी नसेल तेव्हा तयम्मुम त्याच मातीने होतो.

आता त्या सात गोष्टींकडे वळू. आपल्या कोकणात बहुतांश लोक शाफई मसलकाचे आहेत आणि हे कुटुंबही त्यातलेच, म्हणून उत्तरे त्याच फिक्हनुसार दिली.

न वाळलेले कपडे, खरकटी भांडी, कपड्यांचा ढीग आणि कंगव्यातले केस यांत नजासत नाही. माणसाचा केस पाक आहे. कुबट वासाने पाक कपडा नापाक होत नाही. रस्त्याच्या चिखलात नजासत मिसळल्याची खात्री नसेल तर तो मुळात पाकच मानला जातो. केवळ शंकेवर हुकूम बसत नाही. आणि खात्री असली तरी, ती डोळ्यांना वेगळी दिसत नसेल, तर चालताना अंगावर वा कपड्यांवर उडणारा, टाळता न येणारा तेवढा चिखल फुकहांनी माफ ठरवला आहे. भातलावणीच्या दिवसांत नेरळहून कळंबला येणाऱ्या माणसाला ही सवलत किती मोठी आहे, हे सांगायला नको.

मांजराबाबत तर एका घरातलाच प्रसंग हदीसमध्ये आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या वुजूसाठी त्यांच्या सूनबाई कबशा यांनी पाणी ओतले. तेवढ्यात मांजर आले, आणि त्याला नीट पिता यावे म्हणून त्यांनी भांडे कलते केले. सूनबाई आश्चर्याने पाहू लागल्या, तेव्हा त्यांनी पैगंबर (स.) यांचे म्हणणे सांगितले की मांजर नापाक नाही, ते तुमच्यात सतत वावरणाऱ्यांपैकी आहे. गळलेल्या केसांबाबत शाफई मसलक काहीसा कडक आहे. तरीही थोडे केस माफ आहेत. मुसल्ला झटकावा आणि नमाजला उभे राहावे.

उरली गोधडी. सातांपैकी नजासत एवढीच होती. परंतु मूल मुलगा आहे, दोन वर्षांच्या आतला आहे आणि त्याचा आहार केवळ दूध आहे. उम्मे कैस (रजि.) आपले असेच तान्हे बाळ घेऊन आल्या, त्याने पैगंबर (स.) यांच्या वस्त्रावर लघवी केली, आपण पाणी मागवले, त्यावर शिंपडले आणि ते धुतले नाही. बुखारीतील या हदीसच्या आधारे शाफई मसलकात अशा मुलाच्या लघवीवर, ती पूर्ण जागा भिजेल इतके पाणी शिंपडणे पुरेसे आहे. मुलगी असेल, किंवा मुलगा अन्न खाऊ लागला असेल, तर धुवावे लागते. हनफी मसलकात दोन्ही प्रसंगी धुणेच आहे.

मी त्यांना म्हणालो, “भाई, तुमच्या घरात नापाक असे तांब्याभर पाण्याचे काम होते. ते तुम्हीही करू शकला असता.” शाफई फुकहांच्या प्रचलित मतानुसार झाडलोट आणि स्वयंपाक ही निकाहच्या कराराने पत्नीवर येणारी कायदेशीर जबाबदारी नाही, ती करते तो तिचा एहसान. पैगंबर (स.) घरी काय करीत, असे विचारले असता हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले की आपण घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत.

हे ऐकून पत्नीचा चेहरा उजळला. “म्हणजे मौलवीसाहेब, माझं काही चुकत नाही. सगळं पाकच आहे.”

इथे मला थांबावे लागले. फतवा एका बाजूला झुकला की दुसरी बाजू त्याचीच काठी करते. मी तिला लसणाचे उदाहरण दिले. लसूण हलाल आहे, पाक आहे. तरीही कच्चा लसूण खाऊन मस्जिदमध्ये येण्यास पैगंबर (स.) यांनी मनाई केली, कारण त्याच्या वासाने इतरांना त्रास होतो. म्हणजे वस्तू पाक असूनही तिच्यामुळे शेजारच्याला होणारा त्रास दीनमध्ये मोजला जातो. मस्जिदच्या सफमधल्या शेजाऱ्याचा एवढा विचार असेल, तर एकाच खोलीत आयुष्य काढणाऱ्या माणसाचा का नसावा? कुबट वासाने पतीचे डोके दुखते हे तिला ठाऊक होते. ‘नापाक नाही’ हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

एवढे झाल्यावर पतीची तक्रार नाहीशी झाली नाही. तिचा दर्जा बदलला. आधी तो हुकूम होता, आता ती विनंती झाली. हुकमापुढे माणूस एक तर झुकतो किंवा चिडतो. विनंतीवर बोलणी करता येतात. तशी ती झाली. ओले कपडे पडवीत टाकायचे आणि त्यासाठी दोरी पतीने बांधायची. मुसल्ल्याची जागा सोडून बाकी खोलीबद्दल त्याने बोलायचे नाही. भांडी रात्री झोपण्यापूर्वी, जो जागा असेल त्याने घासायची. पलंगावरच्या ढिगावर मात्र काही ठरू शकले नाही.

जाताना पत्नी म्हणाली, “आणि तो शब्द?” पतीने मान खाली घातली. त्यावर मसला सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. मी उठून मस्जिदचे दिवे मालवायला गेलो.

पंधरा दिवसांनी फजरनंतर तो भेटला. रात्री मूल उठले की गोधडीचे काम आता तोच करतो. “पण ती रागावते,” तो सांगत होता. “म्हणते, मौलवीसाहेबांनी तांब्याभर सांगितलंय, तुम्ही बादली का ओतता? पावसात गोधडी वाळवायची कोणी?”