टरफल असलेला खाऊ

संध्याकाळचे पाच वाजलेत असं धरा. जेवायला अजून तीन तास आहेत आणि समोर एक छोटं पाकीट आहे. गडचिरोलीतल्या एखाद्या आडगावच्या किराणा दुकानातही दारातच लटकलेल्या माळेतून तोडून मिळतं तसं, तिखट-आंबट मसाल्याचं, कुरकुरीत. ते हातात घ्या, पण फोडू नका. आज घाई नाही.

आधी मागची बाजू वाचा. मक्याचा किंवा तांदळाचा रवा, खाद्यतेल, मसाला, मीठ, साखर आणि पुढे आकडे: 330, 296, 627, 631. पहिले दोन आंबटपणाचे, सायट्रिक आणि मॅलिक आम्लाचे. पुढचे दोन चव खुलवणारे. यात विष काही नाही, घाबरू नका. नुसतं इतकं पाहा की तिखट, आंबट, खारट, गोड आणि तेलकट या पाचही गोष्टी एकाच तुकड्यावर आहेत. एका चवीचा जिभेला लवकर कंटाळा येतो. पाच चवी सरमिसळ असल्या की तो कंटाळा उशिरा येतो.

आता एकच तुकडा तोंडात घ्या आणि चावू नका. जिभेवर ठेवा. मसाला लगेच विरघळतो, मग तुकडा मऊ पडतो आणि थोड्या वेळात त्याचा लगदा होतो. दातांना काम उरत नाही. कारण ते काम कारखान्यात आधीच झालेलं आहे. ओलसर रवा यंत्राच्या मळसूत्रातून मोठ्या दाबाखाली, तापवत पुढे ढकलला जातो. बारीक भोकातून तो बाहेर पडताच दाब सुटतो, आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि पदार्थ फुगतो. दाण्याची मूळची घडण मोडून उरतात पातळ भिंती आणि मध्ये हवा. त्यावर तेल आणि मसाल्याचा फवारा बसतो. हा तुकडा तोंडात विरतो तेव्हा फारसं काही पोटात गेल्यासारखं वाटतच नाही आणि हात पुन्हा पाकिटात जातो.

पोट भरल्याची जाणीव डोक्यापर्यंत पोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाकीट संपायला चार मिनिटं पुरतात. दुसरं पाकीट फोडलं जातं ते याच मधल्या फटीत.

नुसत्या चवीमुळे माणूस जास्त खातो असं म्हणणं सोपं आहे, पण 2019 साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला प्रयोग वेगळ्या बाजूला बोट दाखवतो. 20 माणसांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं. वाढलेल्या ताटांत उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ, तंतू सारखे ठेवले होते. किती खायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. प्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ एक किलोनं वाढलं. चवीला दोन्ही जेवणं त्यांना सारखीच आवडली होती. फरक दिसला तो खाण्याच्या वेगात. प्रयोग छोटा होता, आणि प्रक्रिया केलेल्या जेवणात तंतूंची भरती पेयांत घालून केली होती, म्हणजे चावायचं अन्न तरी घट्ट उष्मांकाचंच राहिलं. एवढ्यावरून सगळं सिद्ध होत नाही. पण वेगाची गोष्ट तुम्ही आता स्वतःच्या जिभेवर पाहिली आहे.

आता पाकीट बाजूला ठेवा आणि मूठभर फुटाणे घ्या, सालासकट. साधारण 30 ग्रॅम. त्यात सुमारे 110 कॅलरी असतात. पाकिटातल्या 20 ग्रॅममध्येही जवळपास तेवढ्याच. पण फुटाण्यांत सहा-सात ग्रॅम प्रथिनं आहेत आणि पाकिटात जेमतेम एक-दीड. एक फुटाणा दाताखाली धरा. कट्‌ असा आवाज येतो, साल सुटते, दाणा दोन दळांत फुटतो, मग पिठूळ होतो आणि लाळ मागतो. घाईनं गिळायला जाल तर घशात अडकेल. म्हणून हात थांबतो. याला मनोनिग्रह लागत नाही, दाणाच अडवतो.

मुरमुऱ्यांचं काय, असं झाडीपट्टीतला माणूस विचारणारच. चंद्रपूर-गडचिरोली म्हणजे धानाचा मुलूख, इथं मुरमुरे घरोघरी. खरं सांगायचं तर मुरमुराही वाफेनंच फुगतो आणि तोंडात लवकर विरतो. नुसते मुरमुरे बकाबक खाल्ले जातात आणि तासाभरात भूक परत येते. म्हणून त्यात फुटाणे आणि शेंगदाणे चांगले निम्म्याला निम्मे हवेत, वर कांदा, मिरची, लिंबू. लिंबू आयत्या वेळी पिळा, नाहीतर कुरकुरीतपणा जातो आणि मग पुन्हा पाकीट आठवतं.

इथं जरा थांबून स्वतःला विचारा: मला नेमकं काय हवंय? कुरकुर हवी असेल तर वरचा चिवडा पुरे. आंबट-तिखट हवं असेल तर कुरकुरीत काही खाऊन समाधान होणार नाही. हिवाळ्यात बोरं किंवा आवळा, उन्हाळ्यात कैरीची फोड, बाकी दिवसांत बोटभर चिंच, मीठ-तिखट लावून. चिंचोका तोंडात घोळवत बसलं की दहा मिनिटं जातात. तोंड हलवायचा नुसता चाळा असेल तर दिवाळीच्या सुमारास बाजारात ढिवर बाया विकतात ते तलावातले शिंगाडे घ्या, उकडलेले. काळं टरफल दातानं फोडून आतला पांढरा गर काढेपर्यंत एकेकाला वेळ लागतो. सोललेले शिंगाडे विकत घेतले तर ही गंमत गेली.

गोड हवं असेल तर मोहफुलं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली वेचलेली, कडक वाळवून ठेवलेली. आतले केसर काढून फुलं झटपट धुवा, पुन्हा कोरडी करा, मंद आचेवर तव्यात परता. फुगून गडद तपकिरी झाली आणि मनुकेसारखा वास सुटला की उतरवा. आणखी अर्धा मिनिट राहिली तर कडवट होतात. मग भाजलेल्या तिळाबरोबर किंवा जवसाबरोबर कुटून सुपारीएवढा लाडू वळा. वाळवणात ओल राहिलेली फुलं आंबतात. डबा उघडताच दारूसारखा वास आला तर ती खाण्याच्या कामाची नाहीत. आणि मोह रानातला असला तरी त्याच्या सुक्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, तेव्हा एक लाडू, फार तर दोन. मधुमेह असलेल्यानं तोही मोजूनच.

लेकरांच्या बाबतीत हिशेब निराळा आहे. त्यांचं पोट लहान. पाच वाजता पाकीट खाल्लेलं मूल आठ वाजता वरण-भाताला नको म्हणतं. जास्त खाण्याची काळजी तिथं नंतरची. आधी जेवण बुडतं, आणि तेही अशा भागात जिथं मुळात कितीतरी मुलांचं वजन कमी आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र अख्खे फुटाणे किंवा शेंगदाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. त्याला फुटाण्याचं पीठ गुळात कालवून द्या.

शेवटी मोठ्यांनी एक तपासून पाहावं. सकाळी नऊला जेवून धानाच्या बांधीवर गेलेल्या माणसाला पाचला लागते ती साधी भूक असते, आणि तिला चिंच किंवा मूठभर दाणे पुरत नाहीत. अशा दिवशी सकाळचीच भाकर आणि वाटीभर लाखोळीचं वरण खाऊन घ्यावं, आणि रात्रीचं जेवण थोडं कमी वाढून घ्यावं.