भिंतीपासून शंभर यार्ड

मलकापुरात नुकताच दवाखाना सुरू केलेल्या एका तरुण डॉक्टरने संपादकांना पत्र लिहिले आहे. शाळेजवळच्या तंबाखूविक्रीला आवर घाला, एवढेच त्याचे मागणे. पत्रात उपदेश फारसा नाही, मोजमाप आहे, म्हणून ते मला भावले.

दवाखान्यात आलेल्या शाळकरी मुलाला तो आपली तीन बोटे जुळवून, उभी धरून तोंडात घालायला सांगतो. निरोगी मुलाची तिन्ही आत जातात. खर्रा खाणाऱ्या एखाद्याची दोनच जातात. त्याआधी तिखट घास झोंबू लागलेला असतो, मग गाल आतून पांढरट आणि ताठर होतो. हा घात मुख्यतः सुपारीचा; तंबाखूची भर पडली की कर्करोगाचा धोका वाढतो. सवय सुटली तर आजार तिथेच थांबू शकतो, पण आखडलेले तोंड आपोआप पहिल्यासारखे उघडत नाही.

आता कायदा पाहू. 2003च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना विक्री करायला आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत कोणालाही विक्री करायला मनाई केली. शंभर यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर. हे अंतर फाटकापासून रस्त्याने चालत मोजायचे नसून कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, सगळ्या दिशांनी मोजायचे असते. मागच्या गल्लीतला पानठेला फाटकापासून वळसा घालून तीनशे मीटरवर असेल, पण मागच्या भिंतीपासून चाळीस मीटरवर असला तर तो हद्दीतच आला. बरेचदा वाद इथेच होतो आणि इथेच सोडूनही दिला जातो.

हद्दीत विक्री केली तर दंड दोनशे रुपयांपर्यंत. दुसरीकडे, 2015च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77नुसार मुलाच्या हाती तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एक शिक्षा इतकी हलकी की दुकानदार तो खर्चच समजेल; दुसरी इतकी जड की ओळखीच्या माणसावर ती लावताना कुणाचाही हात अडखळावा. माझ्या मते ठेलेवाल्याला आधी अंतर मोजून दाखवावे, जागा बदलायला मुदत द्यावी आणि तरीही त्याने मुलाला पुडी दिली तर दुसरे कलम लावायला कचरू नये. त्याच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, पण शाळेच्या भिंतीलगतच विकण्याचा हक्क त्यातून निघत नाही. (आपल्याच मुलाला पुडी आणायला धाडणारा बाप या हिशेबात कुठे बसतो, हेही विचारायला हवे.)

डॉक्टरची सूचना साधी आहे. शाळा व्यवस्थापन समितीने टेप घेऊन मागच्या भिंतीपासून सुरुवात करावी, हद्दीतल्या ठेल्यांची यादी करावी आणि ती नगरपरिषदेला व पोलीस ठाण्याला देऊन पोच घ्यावी. या कायद्याखाली झडती घेण्याचा अधिकार उपनिरीक्षक आणि त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्यांना आहे. पोच हाती असली की यादीचे काय झाले, हे महिन्याभराने त्यांना विचारता येते.