दोन गाड्या, तीन फटी

मुळशीत भूगाव सोडून पिरंगुट-पौडकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना नवे बंगले उभे राहताना दिसतात. बहुतेकांच्या नकाशात एका कोपऱ्यात ‘कार पार्क, १६ बाय १८’ असं लिहिलेलं असतं. घरात गाड्या दोन, म्हणून सोळा फूट. हा आकडा येतो कुठून, हे पाहण्यासारखं आहे. राज्याच्या २०२० सालच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरली आहे. दोन मोटारींची रुंदी झाली पाच मीटर, म्हणजे साडेसोळा फुटांच्या आसपास. पण रांगेतल्या मोकळ्या पार्किंगमध्ये दार उघडताना आपण शेजारच्या पट्ट्यातली थोडी जागा उसनी घेतो. गॅरेजला भिंती असतात आणि भिंत उसनं देत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. घरात एक स्विफ्ट आहे आणि एक क्रेटा. कंपनीच्या माहितीपत्रकात स्विफ्टची रुंदी १७३.५ सेंटिमीटर आणि क्रेटाची १७९. दोन्ही मिळून साडेतीन मीटरपेक्षा जरा जास्त. सोळा फूट म्हणजे ४८८ सेंटिमीटर. वजाबाकी केली की १३५ उरतात. ऐकायला हे भरपूर वाटतं, पण ही जागा एकत्र मिळत नाही. तिच्या तीन फटी होतात: डावी भिंत आणि पहिली गाडी यांच्यातली, दोन गाड्यांमधली आणि दुसरी गाडी व उजवी भिंत यांच्यातली. सारख्या वाटल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ४५ सेंटिमीटर. दीड फुटात बारीक माणूस अंग चोरून बाहेर पडेल, साडी नेसलेली आजी पडणार नाही.

त्यात सोळा फूट हे माप बाहेरून बाहेर धरलेलं असलं तर गोष्ट आणखी बिघडते. नऊ इंची दोन भिंतींनी दीड फूट खाल्ला आणि आतल्या प्लास्टरनं इंचभर घेतला की आत जेमतेम साडेचौदा फूट राहतात. आता प्रत्येक फट तीस सेंटिमीटरचीही नाही. गाड्या आत जातील, चालकाला मात्र आतच बसून राहावं लागेल. म्हणून नकाशावर ‘आतून क्लिअर, प्लास्टर धरून’ एवढे शब्द लिहून घ्यायलाच हवेत. माझ्या मते अर्ध्या गॅरेजांचा घोळ इथेच होतो.

खरा प्रश्न गाड्या किती रुंद आहेत हा नाहीच. कोणत्या फटीतून कोण उतरणार, हा आहे. पुढचं दार पूर्ण उघडलं तर गाडीच्या अंगापासून मीटरभर बाहेर येतं. धडधाकट माणसाला दार अर्धवट उघडून उतरायला साठ-पासष्ट सेंटिमीटर पुरतात. गुडघे धरलेल्या माणसाला, किंवा लहान मुलाला सीटवरून उचलून घेणाऱ्या आईला ऐंशी-नव्वद तरी लागतात. तिन्ही फटींना सारखी गरज नसते, म्हणून त्या सारख्या वाटणं चुकीचं. आणि मधली फट दोन्ही गाड्यांच्या कामाची असते. दोघांची दारं एकाच क्षणी उघडायची वेळ क्वचितच येते, त्यामुळे तिथली जागा दुप्पट धरावी लागत नाही.

आता आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, हे लक्षात घेऊ. दोन्ही गाड्या तोंड आत करून लावल्या, डावीकडे स्विफ्ट आणि उजवीकडे क्रेटा, तर स्विफ्टचा चालक मधल्या फटीत उतरतो. क्रेटात डावीकडे बसलेली आजीही मधल्याच फटीत उतरते. क्रेटाचा चालक उजव्या भिंतीकडे उतरतो. डाव्या भिंतीकडे उतरणारा फक्त स्विफ्टमधला सोबती, तोही रोजचा नाही. मग मधली फट नव्वद, उजवी सत्तर आणि डावी पंचेचाळीस धरू. गाड्यांची रुंदी मिळवली की ५५७ सेंटिमीटर होतात. कुणीच दर वेळी गाडी नेमकी रेषेवर लावत नाही, त्यासाठी वीसेक सेंटिमीटर द्या. आतून क्लिअर एकोणीस फूट झाले.

एवढी जागा नसेल तर एक गाडी उलटी लावून बघा. क्रेटा रिव्हर्समध्ये आत घेतली की तिची उजवी बाजूही मधल्या फटीकडे येते. दोन्ही चालक मध्येच उतरतात, आजी चालकाच्या मागे बसते, आणि भिंतींकडच्या दोन्ही फटी पंचेचाळीसवर आणता येतात. पंचवीस सेंटिमीटर वाचतात आणि अठरा फुटांच्या आसपास काम भागतं. मात्र क्रेटात पुढे डावीकडे बसणाऱ्याला दाटीतून निघावं लागेल, आणि उतारावरच्या प्लॉटवर भर पावसात रोज रिव्हर्स घ्यायची तयारी लागेल.

शहरात लोक म्हणतात, सगळ्यांना बाहेर उतरवा आणि मग गाडी आत घ्या. मुळशीत हा सल्ला जून ते सप्टेंबर चालत नाही. इथल्या धारांत आजीला अंगणात उतरवायचं असेल तर छप्पर बांधलं तरी कशासाठी? म्हणून इथे हिशेब सगळे आत उतरतील असाच धरावा.

चालायची वाट हा याच हिशेबाचा भाग आहे. माहितीपत्रकातली रुंदी आरशांविना असते. उघडा आरसा प्रत्येक बाजूला दहा-पंधरा सेंटिमीटर बाहेर येतो, त्यामुळे नव्वदची मधली फट आरशांपाशी पासष्टच्या आसपास उरते. हातात पिशवी घेऊन तिथून तिरकं जाता येतं. भिंतींकडच्या फटी वाट म्हणून धरूच नका. तिथे आज ना उद्या सायकल, शिडी किंवा आंबेमोहोराचं पोतं टेकवलं जातंच. लांबीसाठी क्रेटाचे ४३३ सेंटिमीटर, पुढे घराच्या दाराकडे जायला ऐंशी आणि मागे शटर ओढल्यावरही डिकी उघडून सामान काढायला नव्वद, असे सहा मीटर, म्हणजे वीस फूट धरले तर बरं. उद्या इनोव्हासारखी पावणेपाच मीटरची गाडी आली तर हीच वाट आखडेल, पण गाडी आत मावेल.

हे सगळं पाया खोदण्याआधी तपासता येतं. लाइन आउटच्या दिवशी दोन्ही गाड्या प्लॉटवर न्या. फक्कीनं भिंतीच्या आतल्या कडा आखा आणि त्या कडांवर खांद्याइतक्या उंचीच्या फळ्या धरून दोन माणसं उभी करा. गाड्या आत घ्या आणि घरातल्या सगळ्यांना एकेका दारानं उतरू द्या. दार फळीला कुठे लागतं, आजी कुठे अडते, ते तिथल्या तिथे कळतं. त्याच वेळी कॉलमच्या जागेवर खुंटी ठोका. मधला कॉलम बॉनेटच्या बाजूला आला तर तो कुणाला अडवत नाही. बंपरपासून सव्वा ते अडीच मीटरच्या पट्ट्यात आला तर पुढचं दार नेमकं त्यावर आपटतं. इंजिनिअरला तो तीन-चार फूट पुढेमागे सरकवता येईल का, हे त्या दिवशी विचारायचं असतं. एकदा सळई बांधली की ते शक्य नाही.